एका शयनगृहातले दोन एसी: कमी भारावर रोजच्या युनिटांत किती फरक पडतो

पुण्यातील एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त दांपत्याच्या घरातील हे प्रकरण आहे. त्यांच्या शयनगृहात २०१५ साली घेतलेला दीड टनाचा साधा, म्हणजे एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा स्प्लिट एसी होता आणि तो उत्तम स्थितीत होता. यंदा दिवाणखान्यासाठी म्हणून त्यांनी दीड टनाचाच, तीन ताऱ्यांचा इन्व्हर्टर एसी विकत घेतला. मी ऊर्जावापराची मोजमापे करतो हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो बसवण्यापूर्वी मला बोलावले. प्रश्न अगदी साधा होता: नवा एसी दिवाणखान्यात बसवायचा, की तो शयनगृहात लावून जुना दिवाणखान्यात न्यायचा? काकांचे मत आधीच ठरलेले होते. "अहो, दुकानदार सांगतो की याला निम्मेच युनिट लागतात. मग जी खोली जास्त तापते, तिथेच हा लावायला नको का?"

हा तर्क वरवर पाहता बिनतोड वाटतो. तो बरोबर आहे की नाही हे मोजून पाहता येण्यासारखे असल्याने आम्ही घाई न करता महिनाभर थांबायचे ठरवले. (काकूंची एक वेगळी शंका होती, की वीज गेल्यावरही हा एसी चालेल का. पुष्कळांचा हा गैरसमज होतो, म्हणून नोंदवतो: घरातील बॅटरीवरच्या इन्व्हर्टरशी या एसीचा काहीही संबंध नाही. येथे इन्व्हर्टर म्हणजे घरच्या ५० हर्ट्झच्या विजेचे आधी एकदिश विजेत आणि मग हव्या त्या वारंवारतेच्या विजेत रूपांतर करणारे, एसीच्या बाहेरच्या यंत्रात बसवलेले इलेक्ट्रॉनिक मंडल होय.)

मोजणीसाठी एसीच्या स्वतंत्र लाइनवर एक वेगळे वीजमीटर बसवले. शयनगृह बारा बाय अकरा फुटांचे, एक भिंत पश्चिमेकडे, वर आणि खाली शेजाऱ्यांची घरे. एप्रिलच्या उत्तरार्धात जुन्या एसीच्या बारा रात्री मोजल्या, नंतर त्याच जागी नवा एसी बसवून मेच्या पूर्वार्धातील बारा रात्री मोजल्या. रात्री दहा ते सकाळी सहा, रिमोटवर २५ अंश, दार बंद, दोन माणसे झोपलेली, हे सर्व दोन्ही वेळी तंतोतंत सारखे ठेवले. बाहेरचे तापमान रात्री दहाला साधारण ३१ अंश असे आणि पहाटेपर्यंत २५ अंशांवर येई. ज्या दोन रात्री वळवाचा पाऊस पडून हवा एकदम गार झाली, त्या हिशेबातून वगळल्या.

निकाल असा आला: जुन्या एसीने एका रात्रीत सरासरी ५.९ युनिट घेतले आणि नव्याने ३.९. फरक बरोबर २ युनिटांचा, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. दुकानदाराचे "निम्मे" खरे ठरले नाही, पण फरक नक्कीच मोठा होता.

हा फरक कुठून आला हे समजून घेतल्याशिवाय दिवाणखान्याबद्दल काही म्हणता येत नाही. त्यासाठी दोन्ही यंत्रांची पूर्ण क्षमतेवरची आकडेवारी आधी पाहावी लागते. जुना एसी बाहेर ३५ अंश असताना खोलीतील ५.१ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो आणि त्यासाठी १.६५ किलोवॉट वीज घेतो, गुणोत्तर ३.१. नवा एसी त्याच परिस्थितीत पूर्ण वेगाने चालला तर ५ किलोवॉट उष्णता काढतो आणि १.५५ किलोवॉट घेतो, गुणोत्तर ३.२. याचा अर्थ पूर्ण भारावर दोघे जवळजवळ भावंडेच आहेत. हे या प्रकरणाचे सुदैव म्हणावे लागेल, कारण नवा एसी पाच ताऱ्यांचा असता तर त्याच्या मोठ्या कॉइलमुळे होणारी बचत आणि वेग बदलण्यामुळे होणारी बचत एकमेकींत मिसळली असती, आणि कोणती कशामुळे हे सांगता आले नसते.

आता रात्रीचा भार पाहू. भार म्हणजे खोलीत सतत शिरणारी आणि निर्माण होणारी उष्णता: दिवसभर तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीतून झिरपणारी, दाराखिडक्यांच्या फटींतून येणाऱ्या हवेची आणि झोपलेल्या माणसांच्या अंगाची. पहिल्या तासात खोली, गादी आणि भिंती गार होईपर्यंत दोन्ही एसींना जोर लावावा लागतो. त्यानंतर मात्र या खोलीचा भार सरासरी १.९ किलोवॉट एवढाच राहत असल्याचे हिशेबातून निघते, आणि रात्रीच्या सौम्य हवेत जुन्या एसीची क्षमता वाढून ५.५ किलोवॉटच्या आसपास जाते. म्हणजे खोलीची गरज यंत्राच्या ताकदीच्या जेमतेम पस्तीस टक्के. यालाच आंशिक भार म्हणतात, आणि आपल्याकडच्या शयनगृहांतील एसी रात्रीचा बहुतेक काळ याच अवस्थेत असतात.

साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला दोनच गोष्टी येतात: पूर्ण वेगाने चालणे आणि थांबणे. मीटरसमोर बसून पाहिले तेव्हा तो साधारण सात मिनिटे चाले आणि दहा मिनिटे थांबे. तासाला साडेतीन फेऱ्या, म्हणजे सात तासांत सुमारे पंचवीस. चालताना दीड किलोवॉट, थांबल्यावर केवळ आतल्या पंख्याचे ४५ वॉट. सरासरी काढली तर ताशी ०.६५ युनिट. इन्व्हर्टर एसी मात्र पहिल्या तासानंतर मंदावून ०.३९ किलोवॉटच्या आसपास स्थिरावे आणि तसाच संथपणे चालत राही. त्याच्या बाहेरच्या यंत्राचा आवाज इतका कमी झाला होता, की पहिल्या रात्री काकांना तो बंद पडल्यासारखे वाटले.

ताशी पाव युनिटाहून थोडा अधिक असलेल्या या फरकाचे जे कारण सर्वत्र सांगितले जाते, ते असे की साधा एसी प्रत्येक वेळी सुरू होताना प्रचंड करंट ओढतो आणि त्यातच वीज वाया जाते. करंट ओढतो हे खरे, पण किती वेळ? चाळीस अँपिअर अर्धा सेकंद ओढला असे धरले, तरी एका सुरुवातीला जास्तीत जास्त सव्वा वॉट-तास खर्च होतो. पंचवीस सुरुवातींचे मिळून ०.०३ युनिट. दोन युनिटांच्या फरकात हा वाटा नगण्य आहे. त्या धक्क्याने दिवे क्षणभर मंद होतात, छोट्या स्टॅबिलायझरवर ताण येतो, पण बिल त्याने वाढत नाही.

खरा तोटा सुरू झाल्यानंतरच्या मिनिटांत असतो. कॉम्प्रेसर थांबला, की कंडेन्सर आणि आतली कॉइल यांच्यातील गॅसचा दाब हळूहळू सारखा होतो आणि बाहेरच्या बाजूचा गरम गॅस आतल्या कॉइलकडे सरकतो. पुन्हा सुरू झाल्यावर दाबातील तो फरक नव्याने उभा करावा लागतो. या एक-दोन मिनिटांत वीज जवळजवळ पूर्ण लागते, पण गारवा अर्धवटच मिळतो. भर म्हणून थांबलेल्या काळात आतला पंखा चालूच राहिल्याने कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परतते, म्हणजे हवेतून काढलेला ओलावा काढण्याची मेहनत अंशतः वाया जाते. सात मिनिटांच्या फेरीतील पहिली दोन मिनिटे अशी गेली तर काय उरते ते उघड आहे. शीतन यंत्रांच्या प्रमाणित हिशेबात या ऱ्हासासाठी ०.२५ हा गुणक सर्रास धरतात. त्यानुसार पस्तीस टक्के भारावर कार्यक्षमता सुमारे सोळा टक्क्यांनी घटते. आमच्या खोलीत हा तोटा रात्रीला साधारण ०.७ युनिट भरतो.

याहून मोठा भाग, सुमारे १.१ युनिट, वेगळ्याच कारणाचा आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. एसीला करावी लागणारी मेहनत ही आतल्या कॉइलमधील गॅसचे तापमान आणि बाहेरच्या कंडेन्सरमधील गॅसचे तापमान यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. पंपाला पाणी किती उंच चढवायचे आहे यावर त्याची वीज ठरावी, तसेच हे. पूर्ण वेगाने चालताना त्या कॉइलमधून भरपूर उष्णता ढकलायची असते, म्हणून कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम आणि आतली कॉइल खोलीपेक्षा बरीच थंड व्हावी लागते. वेग एक तृतीयांशावर आणला, की त्याच आकाराच्या कॉइलमधून थोडीच उष्णता जायची असते. मग कंडेन्सर बाहेरच्या हवेहून थोडासाच गरम असला तरी भागते आणि आतली कॉइलही तितकी थंड असावी लागत नाही. चढण कमी झाली. साधा एसी सात मिनिटांसाठी का होईना, प्रत्येक वेळी पूर्ण चढण चढतो. इन्व्हर्टर एसी त्याच उष्णतेसाठी अर्ध्याअधिक चढणीत काम भागवतो आणि दिवसाच्या पूर्ण भारावर ३.२ असलेले त्याचे गुणोत्तर रात्री ४.९ पर्यंत जाते. उरलेले साधारण ०.२ युनिट पहिल्या तासातले आहेत: नवा एसी खोली गार होत आली, की टप्प्याटप्प्याने मंदावतो, जुना शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगाने चालतो.

म्हणजे बचत इन्व्हर्टर नावाच्या मंडलाची नसून, मोठ्या कॉइलवर छोटे काम सोपवण्याची आहे. मंडल स्वतः तर थोडी वीज खाते. रूपांतरात काही टक्के वीज उष्णता होऊन जाते. हे एकदा लक्षात आले, की काकांच्या तर्कातील दोष दिसतो. जी खोली सर्वांत जास्त तापते तिथे एसीला मंदावायला वावच मिळत नाही.

ते प्रत्यक्ष दाखवण्यासाठी रविवारच्या दुपारी निवडल्या. जेवणाला मुले-नातवंडे येत, तेव्हा शयनगृहाचे दार उघडे ठेवून बाजूचा दिवाणखानाही त्याच एसीवर गार करण्याची या घराची रीत होती. दुपारी एक ते पाच, बाहेर ३९ अंश, सातआठ माणसे, पश्चिमेचे ऊन. प्रत्येक एसीच्या अशा दोन दुपारी मोजल्या. जुन्याने चार तासांत ६.८ युनिट घेतले, नव्याने ६.५. तीनदशांश युनिट! चारही तास दोन्ही कॉम्प्रेसर जवळजवळ अखंड पूर्ण वेगाने धावत होते, खोली २७ अंशांखाली उतरत नव्हती, आणि तशा अवस्थेत दोन्ही यंत्रे एकच काम एकाच रीतीने करत होती. उन्हाळ्याच्या दुपारी नागपूर-चंद्रपूरकडे गच्चीखालच्या खोलीत इन्व्हर्टर एसी लावून "काही फरक पडला नाही" म्हणणारे लोक भेटतात. ते खोटे बोलत नसतात.

या मोजणीत एक घोटाळा झाला तोही सांगणे भाग आहे. नवा एसी बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन रात्रींचे आकडे ५.१, ५.३ आणि ५.० आले, आणि मी थोडा गोंधळलो. चौकशी केल्यावर कळले, की जुन्या सवयीप्रमाणे रिमोट २० अंशांवर आणि आतला पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवून दोघे दुलई घेऊन झोपत होते. २५ अंशांची अट सर्व काळ पाळायची आहे हे सांगण्यात मीच कमी पडलो होतो. २० अंशांना खोलीचा भार मुळात वाढतो, शिवाय खोली तिथवर पोहोचायला बराच वेळ लागतो, त्यामुळे कॉम्प्रेसर मंदावण्याची वेळ फार उशिरा येते. पंखा कमी ठेवल्याने आतली कॉइल जास्त थंड ठेवावी लागते, म्हणजे चढण पुन्हा वाढते. त्या तीन रात्री बारांच्या हिशेबात धरलेल्या नाहीत, पण इन्व्हर्टर एसीची बचत वापरणाऱ्याच्या हातून कशी निसटते याचा तो चांगला नमुना ठरला.

वेगळे मीटर नसतानाही आपला एसी खरोखर मंदावतो की नाही हे घरच्या मीटरवरून ओळखता येते. मीटरवरील लाल दिवा किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, हे त्यावर imp/kWh या अक्षरांजवळ छापलेले असते. या घरी ते ३२०० होते. मध्यरात्रीनंतर फ्रिज आणि इतर उपकरणे दहा मिनिटे बंद ठेवून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे, त्याला ६० ने गुणून ३२०० ने भागायचे, की किलोवॉट मिळतात. आमच्याकडे नव्या एसीचे मिनिटाला २१ लुकलुकणे म्हणजे ०.३९ किलोवॉट आले, तर जुना चालू असताना ८० आणि थांबलेला असताना दोन-तीन. सुरू करून दोन तास झाल्यावरही इन्व्हर्टर एसीचे लुकलुकणे सत्तरच्या खाली उतरत नसेल, तर रिमोटचा आकडा फार खाली आहे, किंवा खोली त्याच्या ताकदीबाहेरची आहे, किंवा गॅस कमी झाला आहे, किंवा बाहेरचे यंत्र डक्टसारख्या कोंदट जागी आपलीच गरम हवा पुन्हा ओढते आहे.

या बचतीला खालूनही मर्यादा आहे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर एका ठरावीक किमान वेगाखाली जात नाही, कारण त्याखाली त्याचे वंगण नीट फिरत नाही. तो वेग यंत्रानुसार पूर्ण क्षमतेच्या पाव ते एक तृतीयांश भागाच्या आसपास असतो. पहाटे पाचनंतर, बाहेर २५ अंश आणि भिंती निवालेल्या असताना, भार याहून खाली गेला आणि नवा एसीदेखील थांबत-सुरू होत चालू लागला, अर्थात हळू वेगाने आणि लांबलांब फेऱ्यांत. या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर पुरेसा होता असे माझे मत आहे. पण दीड टन आधीच घेतला गेला होता, आणि मोठ्या कॉइलचा फायदा बराचसा या तोट्याची भरपाई करत असल्यामुळे मी त्यावर फार बोललो नाही. मुंबई-रत्नागिरीकडच्या दमट हवेत आणखी एक अडचण येते: मंद वेगावर कॉइल पुरेशी थंड होत नसल्याने तापमान २५ दाखवत असूनही अंग चिकट राहते, मग माणूस आकडा २२ वर आणतो आणि बचतीतला मोठा भाग घालवून बसतो. तिथे रिमोटवरील कोरड्या हवेचा पर्याय थोडा वेळ वापरून पाहावा.

काकांनी खोक्यावरचे तारे पुढे करून विचारले, की जुन्यावरही तीनच तारे आहेत, मग दोन युनिटांचा फरक कसा? जुन्या एसीचे तारे केवळ पूर्ण भारावरच्या एका मोजणीवर दिलेले होते. २०१८ पासून साध्या आणि इन्व्हर्टर अशा दोन्ही एसींना ISEER या, वर्षभरातली कार्यक्षमता पाहणाऱ्या एकाच मापाने तारे मिळू लागले. त्यात २४ ते ४३ अंशांपर्यंतच्या बाहेरच्या तापमानांचे वर्षातील १६०० तास धरतात आणि इन्व्हर्टर एसीची अर्ध्या भारावरची मोजणीही जमेस येते. म्हणून २०१५ चे तीन तारे आणि आजचे तीन तारे यांची तुलना होत नाही.

शेवटी हिशेब रुपयांवर आला. जुना एसी काढणे, दिवाणखान्यात नव्या तांब्याच्या पाइपांसह बसवणे आणि गॅस पुरता भरणे यासाठी मिस्त्रीने साडेतीन हजार सांगितले, आणि काकांना तो खर्च अनाठायी वाटत होता. त्यांच्या बिलात १०० ते ३०० युनिटांच्या टप्प्यातील एक युनिट सर्व आकार धरून सुमारे १३ रुपयांना पडत होते. वाचणारी युनिटे नेहमी वरच्या टप्प्यातून वाचतात, त्यामुळे त्यांना सरासरी दर न लावता हाच दर लावावा लागतो. रात्रीला दोन युनिट म्हणजे २६ रुपये. साडेतीन हजार फिटायला १३५ रात्री. हे दांपत्य वर्षाला अंदाजे ११० रात्री एसी लावते, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याच्या पहिल्या महिन्यातच खर्च वसूल होतो. केवळ या बचतीसाठी चालू स्थितीतला जुना एसी मोडीत काढून छत्तीस-सदतीस हजारांचा नवा घेतला असता, तर मात्र पैसे फिटायला बारा-तेरा वर्षे लागली असती, आणि मध्येच बाहेरच्या यंत्रातील इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली तर दोन-तीन उन्हाळ्यांची बचत त्या एका दुरुस्तीत गेली असती. पावसाळ्यात व्होल्टेज फार वर-खाली होत असल्यामुळे ती शक्यता मी त्यांच्यापासून लपवली नाही.

नवा एसी शयनगृहातच राहिला. जुना दिवाणखान्यात गेला, जिथे तो फक्त रविवारच्या भर दुपारी चार तास चालतो आणि त्याच्या जागी नवा असता तर दर रविवारी चार रुपये वाचले असते.